स्टिक-स्लिप घर्षण आणि सर्व्हो ॲक्सिसचे हंटिंग

सर्व्हो ॲक्सिस धावत असताना बिनचूक असतो आणि थांबला की अस्वस्थ होतो, ही तक्रार जुन्या पद्धतीच्या स्लाइडवे असलेल्या यंत्रांवर वारंवार दिसते. टेबल दिलेल्या जागी पोहोचते, फीड शून्य होते, पण पडद्यावरचा शेवटचा अंक स्थिर राहत नाही. काही क्षण तो +2 मायक्रॉनवर थांबतो, मग एकदम −2 वर जातो, तिथे तितकाच वेळ थांबतो आणि पुन्हा परततो. मोटरचा आवाज मात्र सतत थरथरल्यासारखा नसतो. ती गप्प असते, आतल्या आत जोर वाढवत असते आणि ठरावीक वेळाने एक हलका ठोका देते. लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना चाललेल्या या न संपणाऱ्या हेलकाव्याला हंटिंग म्हणतात. त्याचे मूळ घर्षणाच्या एका विशिष्ट गुणात आहे. घर्षण किती मोठे आहे यापेक्षा ते वेगानुसार कसे बदलते, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो.

शाळेच्या पुस्तकात घर्षणाचे दोन आकडे असतात. वस्तू स्थिर असताना तिला हलवायला लागणारे स्थितिक घर्षण मोठे, आणि ती सरकू लागल्यावरचे गतिक घर्षण लहान. फ्रान्समधल्या कूलाँने अठराव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांतून ही मांडणी रुजली. पृष्ठभाग जितका जास्त वेळ एकमेकांवर टेकून राहतात तितके त्यांना सुटे करणे अवघड जाते, हेही त्याच्या ध्यानात आले होते. पण या मांडणीत एक जागा मोकळी राहते. मोठ्या आकड्यावरून लहान आकड्यावर घर्षण नेमके कसे उतरते? एका क्षणात कोसळते, की वेग वाढेल तसे घसरत जाते?

याचे उत्तर रिशार्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याच्या मोजमापांतून मिळाले. त्याने बेअरिंगांवर वेगवेगळे भार आणि वेग ठेवून घर्षण मोजले आणि 1902 साली जर्मन अभियंता संघाच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. त्याच्या आलेखांचा आकार आज त्याच्या नावाने ओळखला जातो. वेग अगदी कमी असताना घर्षण जास्त असते, वेग वाढू लागला की ते खाली येते, एका तळाला पोहोचते आणि त्यानंतर पुन्हा हळूहळू चढू लागते.

या आकारामागे तेलाची हालचाल आहे. टेबल स्थिर असते तेव्हा त्याच्या भाराने दोन पृष्ठभागांमधले बरेचसे तेल बाजूला सारले गेलेले असते आणि धातूवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडलेले असतात. त्यांच्यामध्ये उरतो तो वंगणाचा अतिशय पातळ, पृष्ठभागाला चिकटलेला थर. टेबल सरकू लागले की ते आपल्याबरोबर तेल ओढते. वेग वाढेल तसा तेलाचा दाब भाराचा वाटा उचलू लागतो, उंचवट्यांची भेट कमी होते आणि घर्षण उतरते. पृष्ठभाग पूर्णपणे तेलावर तरंगू लागले की उरलेला विरोध तेलाच्या चिकटपणाचा असतो आणि तो वेगाबरोबर वाढतो. मशीन टूलच्या सपाट स्लाइडवेवर ही शेवटची अवस्था क्वचितच पूर्ण साधते. नेहमीच्या फीडला टेबल बहुतेक वेळा मधल्या, मिश्र अवस्थेत वावरते. म्हणजे वक्राचा उतरता भाग हा अपवाद नसून टेबलाची रोजची वाट आहे.

नियंत्रणशास्त्रात हा वक्र सहसा असा लिहितात:

```
F(v) = Fc + (Fs − Fc)·exp(−(v/vs)²) + B·v
```

यात `Fs` हे सुटण्याच्या क्षणाचे स्थितिक घर्षण, `Fc` हे उतारानंतरचे गतिक घर्षण, `vs` हा उतार किती वेगापर्यंत पसरला आहे ते सांगणारा स्ट्रिबेक वेग आणि `B` हा चिकटपणाचा गुणांक. हे सूत्र भौतिकीतून काढलेले नाही. मोजलेल्या बिंदूंना बसणारा तो सोयीचा आकार आहे आणि त्याला तेवढाच मान द्यावा. हंटिंगच्या दृष्टीने त्यातल्या दोनच गोष्टी लागतात: `Fs` आणि `Fc` यांमधला फरक, आणि मधला उतार.

उताराचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. साधारणपणे वेग वाढला की विरोध वाढतो आणि त्यामुळे हालचाल आपोआप आवरली जाते. उतरत्या भागात याच्या उलट घडते. टेबलाचा वेग किंचित वाढला तर विरोध घटतो, विरोध घटला म्हणून वेग आणखी वाढतो. वेग किंचित कमी झाला तर विरोध वाढतो आणि टेबल थांबण्याकडे ढकलले जाते. या भागात मधल्या वेगाने शांतपणे चालत राहणे टेबलाला कठीण जाते. ते एक तर झेप घेते, नाही तर अडकते.

अडकणे आणि झेप घेणे यांचे आवर्तन होण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते: जोर साठवणारी स्प्रिंग. केंब्रिजमध्ये बाउडन आणि लेबेन यांनी 1939 साली धातूंच्या घसरण्याची जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत ही हालचाल स्पष्ट नोंदली गेली. एक पृष्ठभाग संथपणे ओढला जात असताना दुसरा काही काळ त्याच्याबरोबर चिकटून जातो, मग झटक्यात मागे घसरतो, पुन्हा चिकटतो. तेल न घातलेल्या बिजागरीचे दार करकरते ते याच कारणाने.

आता एक यंत्र समोर ठेवून हिशेब करता येईल. बिडाच्या स्लाइडवेवर सरकणारे टेबल आणि त्यावरचा जॉब मिळून 400 किलो वजन आहे. म्हणजे पृष्ठभागांवर सुमारे 4000 न्यूटन भार. स्थितिक घर्षणाचा गुणांक 0.15 आणि गतिक घर्षणाचा 0.10 धरला, तर टेबल सुटायला 600 न्यूटन लागतात आणि सरकत ठेवायला 400. फरक 200 न्यूटनचा. बॉलस्क्रूची लीड 10 मिलिमीटर आणि कार्यक्षमता 90 टक्के धरली, तर मोटरच्या शाफ्टवर हे आकडे साधारण 1.06 आणि 0.71 न्यूटन-मीटर होतात. या श्रेणीच्या ॲक्सिसची मोटर हा टॉर्क सहज देते. म्हणून हंटिंग दिसले की मोटर कमी पडते असा निष्कर्ष काढून मोठी मोटर बसवणे हा खर्च वाया जातो.

या यंत्रातली पहिली स्प्रिंग म्हणजे स्क्रू, त्याची बेअरिंग आणि नट यांची साखळी. तिचा अक्षीय ताठपणा एका मायक्रॉनला 100 न्यूटन धरू. स्क्रू मिनिटाला 2 मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला 33 मायक्रॉन, इतक्या संथ फीडने पुढे जात आहे. सुरुवातीला टेबल हलतच नाही. साखळी 6 मायक्रॉन दबल्यावर तिच्यात 600 न्यूटन साठतात आणि टेबल सुटते. सुटताच विरोध 400 वर येतो. उरलेले 200 न्यूटन टेबलाला वेग देतात आणि अवमंदन अगदी कमी असेल तर टेबल समतोलाच्या पलीकडे तितकेच पुढे जाऊन 4 मायक्रॉन सरकते. या वजनाची आणि ताठपणाची नैसर्गिक वारंवारता सुमारे 80 हर्ट्झ आहे, त्यामुळे ही झेप जेमतेम 6 मिलिसेकंदांत आटोपते. झेपेअखेर साखळीत 200 न्यूटन उरतात. पुढची झेप घ्यायला पुन्हा 4 मायक्रॉन दाब लागतो आणि तो साठायला सुमारे 120 मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला आठेक झेपा. फिनिशिंगच्या जॉबवर या झेपा बारीक, समान अंतराच्या रेघा म्हणून उमटतात.

हे झाले चालताना. थांबल्यावर स्क्रू फिरत नाही, मग स्प्रिंग कोण दाबते? इथे सर्व्होची रचना पाहावी लागते.

नेहमीच्या ड्राइव्हमध्ये दोन लूप एकात एक असतात. बाहेरचा पोझिशन लूप त्रुटीच्या प्रमाणात वेगाची आज्ञा देतो. आतला व्हेलॉसिटी लूप ती आज्ञा आणि प्रत्यक्ष वेग यांच्यातल्या फरकावरून टॉर्क ठरवतो, आणि त्यात प्रपोर्शनल भागाबरोबर इंटिग्रल भाग असतो. पोझिशन लूपचा गेन एक मिलिमीटर त्रुटीला मिनिटाला एक मीटर इतका असेल, तर 2 मायक्रॉन त्रुटीला मिनिटाला 2 मिलिमीटरची आज्ञा निघते. या यंत्रावर स्ट्रिबेकचा उतार मिनिटाला सुमारे 300 मिलिमीटरपर्यंत पसरला आहे असे धरले, तर ही आज्ञा उताराच्या अगदी वरच्या टोकाला पडते. लक्ष्याजवळची प्रत्येक दुरुस्ती अशी घर्षणाच्या सर्वांत वाईट पट्ट्यात करावी लागते.

टेबल अडकलेले असताना वेग शून्य आहे आणि वेगाची आज्ञा मात्र शून्य नाही. इंटिग्रल भाग हा फरक साठवत राहतो आणि जोर वाढवत जातो. दोन्ही लूपचा मिळून परिणाम पाहिला तर टेबलावरचा जोर दोन वाट्यांचा बनतो. एक वाटा सध्याच्या त्रुटीच्या प्रमाणात असतो आणि तो स्प्रिंगसारखा वागतो. दुसरा त्रुटी किती वेळ टिकली आहे त्यावर वाढतो आणि तो ती स्प्रिंग ताणणाऱ्या हातासारखा. स्टिक-स्लिपला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी कंट्रोलरने स्वतःच पुरवल्या.

आकडे घालून पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून आता स्क्रू पूर्ण ताठ धरला आहे आणि जागा टेबलावरच्या लिनियर स्केलवरून मोजली जात आहे. पहिल्या वाट्याचा ताठपणा मायक्रॉनला 50 न्यूटन आणि दुसऱ्याच्या वाढीचा दर मायक्रॉनमागे सेकंदाला 500 न्यूटन आहे. टेबल लक्ष्याच्या 2 मायक्रॉन अलीकडे अडकले आहे. त्रुटीचा वाटा 100 न्यूटन देतो. साठलेला वाटा 500 ला पोहोचला की बेरीज 600 होते आणि टेबल सुटते. विरोध 400 वर उतरतो. टेबल पुढे सरकते तसा त्रुटीचा वाटा घटतो, आणि एकूण जोर 200 न्यूटनने कमी होईपर्यंत, म्हणजे 4 मायक्रॉनपर्यंत, ते जात राहते. व्हेलॉसिटी लूपचे अवमंदन चांगले असल्याने ते त्यापलीकडे फारसे जात नाही. पण तोवर ते लक्ष्य ओलांडून 2 मायक्रॉन पलीकडे पोहोचलेले असते. ही झेप काही दशक मिलिसेकंदांची. तिचा पहिला अर्धा भाग लक्ष्याच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे गेल्याने साठलेला वाटा जवळपास तसाच, 500 वर, राहिलेला असतो.

आता टेबल दुसऱ्या बाजूला अडकले. त्रुटीचा वाटा उणे 100, साठलेला अधिक 500, बेरीज 400. त्याला मागे सोडवायला उणे 600 लागतात. त्यासाठी साठलेल्या वाट्याला अधिक 500 पासून उणे 500 पर्यंत, एकूण 1000 न्यूटन उतरावे लागते. 2 मायक्रॉन त्रुटीला उतरण्याचा दर सेकंदाला 1000 न्यूटन आहे, म्हणून बरोबर एक सेकंद लागतो. मग उलटी झेप, पुन्हा एक सेकंद, पुन्हा झेप. दोन सेकंदांचे आवर्तन, लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना 2 मायक्रॉन. हे विरत नाही, कारण प्रत्येक झेपेला लागणारी ऊर्जा मोटर नव्याने पुरवते.

या हिशेबात सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की झेपेची लांबी इंटिग्रलने ठरवलेली नाही. ती 200 न्यूटनचा फरक भागिले 50 चा ताठपणा, एवढीच आहे. इंटिग्रलने ठरवला तो फक्त दोन झेपांमधला वेळ. इंटिग्रल निम्मा केला तर आवर्तन चार सेकंदांचे होईल आणि टेबल तितक्याच लांब उड्या मारत राहील. कामाच्या ठिकाणी मात्र नेमके हेच केले जाते. गेन उतरवतात, पाच-दहा सेकंद अंक हलत नाही म्हणून यंत्र शांत झाले असे मानतात आणि पडदा बंद करतात. दोष गेलेला नसतो, विरळ झालेला असतो. शिवाय टेबल जास्त वेळ टेकून राहिल्याने स्थितिक घर्षण वाढण्याकडे कल असतो, त्यामुळे उशिराने येणारी झेप थोडी मोठीही असू शकते.

स्थितिक आणि गतिक घर्षण सारखेच, समजा दोन्ही 400, असते तर काय झाले असते? साठलेला वाटा जोराला 400 पर्यंत नेतो आणि टेबल हलू लागते, पण विरोध कोसळत नाही, म्हणून झेप घ्यायला शिल्लक जोर नसतो. टेबल सरकते तसा त्रुटीचा वाटा घटतो, साठलेला वाटा तेवढाच भरून काढतो आणि टेबल रांगत रांगत लक्ष्याकडे जाते. वरच्या आकड्यांवर त्रुटी दर दशांश सेकंदाला सुमारे एकतृतीयांशावर येते आणि हेलकावा होत नाही. घर्षण इथेही 400 न्यूटनचे, म्हणजे चांगले मोठे आहे. तरीही हंटिंग नाही. तो फरक आणि तो उतार नसेल तर इंटिग्रल निरुपद्रवी ठरतो.

एका गोष्टीची पुस्ती इथे जोडावी लागते. सुटण्यापूर्वी टेबल अगदी निश्चल नसते. उंचवटे तुटण्याआधी लवचीकपणे वाकतात आणि टेबल थोडेसे, कधी मायक्रॉनच्या आसपास, स्प्रिंगसारखे सरकते. स्ट्रिबेकच्या सूत्राला ही हालचाल दिसत नाही. डालचे आणि पुढे 1995 साली लुंड व ग्रनोब्ल इथल्या संशोधकांनी मांडलेले लूग्रे प्रारूप ती धरते. नॅनोमीटरच्या यंत्रात तिच्याशिवाय हिशेब चालत नाही. मायक्रॉनच्या यंत्रावर वरचे साधे चित्र पुरते.

प्रत्यक्षात दोष घर्षणाचाच आहे हे कसे ओळखायचे? ड्राइव्हच्या स्वतःच्या ट्रेसवर थांबलेल्या ॲक्सिसची त्रुटी आणि टॉर्क एकाच वेळी दहा-वीस सेकंद नोंदवावे. घर्षणाच्या हंटिंगमध्ये त्रुटीची रेघ पायऱ्यांची दिसते: सपाट, झेप, सपाट. टॉर्कची रेघ करवतीच्या दातांसारखी. या उदाहरणात ती 1.06 न्यूटन-मीटरला पोहोचते, झेपेसरशी 0.71 वर पडते आणि तिथून सरळ रेषेत उणे 1.06 कडे निघते. दोन्ही रेघा गुळगुळीत लहरी असतील आणि वारंवारता दहा-वीस हर्ट्झ किंवा त्याहून जास्त असेल, तर गेन प्रमाणाबाहेर चढलेला आहे आणि उपाय वेगळा. पायऱ्यांची शंका आली की इंटिग्रल तात्पुरता बंद करून पाहावे. उभ्या ॲक्सिसवर हे करू नये, कारण तिथे वजन पेलणारा जोरच निघून जातो आणि स्पिंडल हेड घसरू शकते. आडव्या ॲक्सिसवर टेबल लगेच शांत झाले आणि काही मायक्रॉन त्रुटी तशीच राहिली, तर संशय घर्षणावर पक्का करावा.

बॅकलॅश असला तरी लिनियर स्केलवर हंटिंग होते आणि दोन्हींची गल्लत सहज होते. वेगळे करण्यासाठी मोटरच्या एन्कोडरची आणि स्केलची रेघ शेजारी ठेवावी. दोन्ही दोषांत टेबल थांबलेले असताना मोटर थोडी फिरते. घर्षणाच्या बाबतीत ती स्क्रू पिळत फिरते, म्हणून तिचे सरकणे टॉर्कच्या प्रमाणात असते. या यंत्रात उणे 600 पासून अधिक 600 न्यूटनपर्यंत जाताना साखळी एकूण 12 मायक्रॉन दबते आणि सुटते. बॅकलॅशमध्ये मोटर शून्याजवळच्या टॉर्कवर मोकळी फिरते आणि मग एकदम अडते. जागा फक्त मोटरच्या एन्कोडरवरून मोजणाऱ्या यंत्रात तर स्क्रूमागचे टेबल 6 मायक्रॉनपर्यंत चुकीच्या जागी शांतपणे उभे राहते आणि पडद्यावर शून्य दिसते. तिथे डायल इंडिकेटर टेबलालाच लावला पाहिजे.

उपायांत पहिला हात तेलाला घालावा. स्लाइडवेसाठी बनवलेल्या तेलात पृष्ठभागाला धरून राहणारी द्रव्ये असतात आणि ती मुख्यतः स्थितिक घर्षण खाली आणतात. त्याऐवजी टाकीत हायड्रॉलिक तेल भरले, तर चिकटपणा तोच असूनही फरक मोठा राहतो. तेलाचे मीटरिंग युनिट तुंबले आहे का, जिब जास्त आवळली आहे का, वायपरखाली चिप्स अडकल्या आहेत का, हे गेनला हात लावण्याआधी पाहायचे. टेबलाच्या खालच्या बाजूला टर्साइटसारखे पीटीएफईयुक्त अस्तर चिकटवून स्क्रेपिंग केले तर स्थितिक आणि गतिक घर्षण जवळजवळ एक होतात. या उदाहरणात फरक 200 वरून 20 न्यूटनवर आला, तर झेप 4 मायक्रॉनवरून 0.4 वर येते आणि एक मायक्रॉन दाखवणाऱ्या पडद्यावर ती सहसा दिसतही नाही. रोलिंग गाईडवर फरक मुळातच लहान असतो. हायड्रोस्टॅटिक स्लाइडवेवर पंप टेबलाला स्थिर असतानाही तेलावर उचलून धरतो, त्यामुळे तिथे स्थितिक घर्षण उरतच नाही.

कंट्रोलरकडून करायच्या गोष्टींत ताठपणा वाढवणे हा सरळ मार्ग आहे. 50 चे 100 केले तर झेप निम्मी, 2 मायक्रॉनची होते आणि आवर्तन दुप्पट लांबते. पण स्क्रू आणि टेबलाची 80 हर्ट्झची वारंवारता जवळ आली की लूप कुरकुरू लागतो आणि तिथे थांबावे लागते. आज्ञेच्या दिशेवरून घर्षणाइतका टॉर्क आधीच मिसळण्याची सोय बहुतेक ड्राइव्हमध्ये असते. ती वर्तुळाच्या क्वाड्रंटवर येणारे टोक कापायला उत्तम आहे. थांबलेल्या ॲक्सिसला मात्र आज्ञेची दिशाच नसते, म्हणून हंटिंगवर ती चालत नाही. टॉर्कमध्ये बारीक, जलद थरथर मिसळून पृष्ठभागांना चिकटू न देणे ही डिदरची युक्ती हायड्रॉलिक सर्व्हो व्हॉल्व्हमध्ये रुळलेली आहे. 400 किलोच्या टेबलाखाली ती वापरली तर आवाज आणि झीज वाढते.

उरतो तो डेडबँड: त्रुटी ठरावीक मर्यादेच्या आत आली की इंटिग्रल साठवणे थांबवायचे. हंटिंग यामुळे खात्रीने थांबते, पण एका अटीवर. डेडबँड लक्ष्याच्या प्रत्येक बाजूला झेपेच्या निम्म्यापेक्षा मोठा हवा. तो लहान असेल तर टेबल एका काठावरून सुटून दुसऱ्या काठाच्या बाहेर पडते आणि खेळ चालूच राहतो. 4 मायक्रॉनच्या झेपेला किमान 2, आणि तेल व तापमानानुसार घर्षण बदलते म्हणून व्यवहारात 3 मायक्रॉन ठेवावे लागतात. कामाची गरज 5 मायक्रॉनची असेल तर हा उपाय स्वस्त आणि पुरेसा आहे. गरज 1 मायक्रॉनची असेल तर डेडबँडमध्ये टेबल 3 मायक्रॉन चुकीच्या जागी उभे राहू शकते आणि कंट्रोलर ते मान्य करून बसतो. अशा यंत्रावर 200 न्यूटनचा फरक स्लाइडवेवरच कमी करावा लागतो. लक्ष्याजवळ 1 मायक्रॉनचा डेडबँड चालायचा असेल, तर याच ताठपणावर झेप 2 मायक्रॉनच्या आत, म्हणजे फरक 100 न्यूटनच्या आत आणावा लागेल, आणि घर्षणाच्या चढउताराला वाव ठेवायचा तर त्याहूनही कमी.